ओळखीच्या तीन पायऱ्या : लिंक्डइनवर कोण लिहू शकतो आणि कोण पाहू शकतो

नोकरी-व्यवसायातील ओळखींसाठी वापरल्या जाणाऱ्या लिंक्डइन या संकेतस्थळावर कोणत्याही सदस्याचे पान उघडले की त्याच्या नावाशेजारी एक छोटीशी खूण दिसते : ‘1st’, ‘2nd’ किंवा ‘3rd+’. बहुतेक जण तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. काहींना ती समोरच्याच्या मानमरातबाची निशाणी वाटते, तर काहींना जवळिकीचे माप. प्रत्यक्षात ती यांपैकी काहीच नाही. दोन सदस्यांमध्ये ओळखीच्या किती पायऱ्या आहेत, एवढेच ती सांगते. मात्र कोणाला थेट संदेश पाठवता येईल, कोणाला आधी निमंत्रण द्यावे लागेल आणि कोणाचे नावदेखील दिसणार नाही, हे बऱ्याच अंशी याच पायरीवरून ठरते. नव्या नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. आणि अनोळखी व्यक्तीचे निमंत्रण सहज स्वीकारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तर ती आणखीच महत्त्वाची आहे, कारण त्या एका होकाराने केवळ त्याचेच नव्हे, तर त्याच्या साऱ्या परिचितांचेही दार किंचित किलकिले होते.

कल्पनेचा प्रवास

सारे जग ओळखीच्या मोजक्या दुव्यांनी जोडलेले आहे, ही कल्पना संगणकाच्या जन्माआधीची. हंगेरियन लेखक फ्रिजेश कॅरिंथी यांनी १९२९ मध्ये एका कथेत ती मांडली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६०च्या दशकात तिची पत्रांच्या साह्याने परीक्षा घेतली. दूरच्या राज्यातील सामान्य माणसांच्या हाती एक पाकीट द्यायचे आणि ते बॉस्टनजवळच्या एका विशिष्ट व्यक्तीपर्यंत पोहोचवायला सांगायचे. अट एवढीच, की पाकीट फक्त स्वतःच्या ओळखीच्या माणसाकडेच सोपवायचे. कित्येक पाकिटे वाटेतच हरवली. पण जी पोहोचली, ती थोडक्याच हातांतून गेली होती. १९९७ मध्ये याच कल्पनेचे नाव घेऊन ‘सिक्स डिग्रीज’ हे संकेतस्थळ निघाले आणि काही वर्षांत बंदही पडले. त्याच्या मागे राहिलेले पेटंट २००३ मध्ये रीड हॉफमन आणि मार्क पिंकस या दोघांनी मिळून विकत घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात लिंक्डइन सुरू केले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी घेतली. सदस्यसंख्येच्या दृष्टीने आज तिच्या लेखी अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

मिलग्रॅम यांच्या पाकिटाचा नियमच लिंक्डइनने आपल्या रचनेत उतरवला : अनोळखी माणसापर्यंत जायचे तर ओळखीच्या माणसाच्या हातून. फरक इतकाच, की पाकीट कोणाकडे सोपवायचे हे तेथे माणूस ठरवत होता. येथे वाट कोणती खुली आणि कोणती बंद, हे संगणक ठरवतो.

पायरी कशी मोजली जाते

मोजणी सोपी आहे. एका सदस्याने दुसऱ्याला निमंत्रण पाठवले आणि त्याने ते स्वीकारले, की दोघे एकमेकांचे पहिल्या पायरीवरील संपर्क झाले. या संपर्काशी जोडलेला, पण आपल्याशी थेट न जोडलेला सदस्य दुसऱ्या पायरीवर. त्याच्याशी जोडलेला, पण आधीच्या दोन्ही पायऱ्यांवर नसलेला सदस्य तिसऱ्या पायरीवर. त्यापलीकडचे सारे ‘जाळ्याबाहेरचे’. दोन व्यक्तींमध्ये अनेक वाटा असल्या, तरी सर्वांत जवळची वाट तेवढी धरली जाते.

ही वर्तुळे किती झपाट्याने विस्तारतात, हे एका साध्या हिशेबावरून लक्षात येते. समजा, एखाद्याचे १८० संपर्क आहेत आणि त्या प्रत्येकाचे सरासरी २५०. तर दुसऱ्या पायरीवर जास्तीत जास्त १८० × २५०, म्हणजे ४५,००० माणसे असू शकतात. त्या प्रत्येकाचे पुन्हा २५० संपर्क धरले, तर तिसऱ्या पायरीची कमाल मर्यादा १ कोटी १२ लाख ५० हजारांवर जाते. प्रत्यक्ष संख्या याहून बरीच कमी असते. कारण एकाच महाविद्यालयातील वा एकाच कार्यालयातील माणसे परस्परांच्याही ओळखीची असतात आणि तीच ती नावे पुन्हा पुन्हा येतात. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सगळे संपर्क एकाच कंपनीतील असतील, तर दुसरी पायरी खुरटलेली राहते. निरनिराळ्या शहरांतील आणि क्षेत्रांतील पन्नास माणसे एकाच इमारतीतील दोनशे माणसांपेक्षा अधिक दूरवर नेऊ शकतात.

हे अंतर पानोपानी तत्काळ दाखवणे संगणकालाही सोपे नाही. प्रत्येक सदस्यासाठी तिसऱ्या पायरीची लाखो नावे लिहून ठेवणे शक्य नसते. लिंक्डइनच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात आपली पद्धत वर्णिली होती. सदस्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंतची यादी तयार करून तात्पुरती हाताशी ठेवायची, आणि समोर आलेल्या व्यक्तीच्या थेट संपर्कांपैकी कोणी त्या यादीत आहे का, एवढेच पाहायचे. एक जरी नाव जुळले, तर ती व्यक्ती तिसऱ्या पायरीवर. वाटेच्या दोन्ही टोकांकडून चालत मध्यावर भेटण्यासारखा हा प्रकार आहे.

यातच पायरीची एक मर्यादाही दडलेली आहे. ही खूण कायमची नसते. मधल्या एखाद्या व्यक्तीने आपले खाते बंद केले किंवा जोडणी तोडली, आणि दुसरी वाट उपलब्ध नसली, तर काल दुसऱ्या पायरीवर दिसणारा सदस्य आज तिसऱ्या पायरीवर वा जाळ्याबाहेरही दिसू शकतो. त्यात त्या दोघांपैकी कोणाचाही हात नसतो.

संदेश कोणाला पाठवता येतो

पहिल्या पायरीवरील संपर्काला कितीही वेळा, विनामूल्य संदेश पाठवता येतो. हा अधिकार दुतर्फा असतो. आपण ज्याला लिहू शकतो, तो आपल्यालाही लिहू शकतो.

दुसऱ्या पायरीवर हा अधिकार नाही. तेथे साधारणतः ‘Connect’ हे बटण असते, म्हणजे आधी निमंत्रण द्यायचे आणि होकाराची वाट पाहायची. निमंत्रणासोबत चिठ्ठी जोडता येते, मात्र विनामूल्य खात्याला अशा चिठ्ठ्या महिन्यातून मोजक्याच मिळतात आणि त्या २०० अक्षरचिन्हांत बसवाव्या लागतात. एका आठवड्यात किती निमंत्रणे पाठवावीत यालाही मर्यादा आहे. पाठवलेले निमंत्रण मागे घेतले, तर त्याच व्यक्तीला पुन्हा निमंत्रण देण्यासाठी तीन आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे घाईघाईने, चिठ्ठीविना पाठवलेले निमंत्रण ‘दुरुस्त’ करणे वाटते तितके सोपे नसते. शिवाय ‘ज्यांना माझा ई-मेल पत्ता ठाऊक आहे त्यांनीच निमंत्रण द्यावे’ अशी अट घालण्याची मुभा प्रत्येकाला आहे. अशा सदस्याला निमंत्रण देऊ गेल्यास पडदा ई-मेल पत्ता विचारतो. तो ठाऊक नसेल, तर दुसरी पायरी असूनही वाट तेथेच संपते.

तिसऱ्या पायरीवर आणखी एक बारकावा आहे. समोरच्याचे नाव आणि आडनाव पूर्ण दिसत असेल, तर निमंत्रण देता येते. मात्र ते बटण कधीकधी ‘More’ या यादीत दडलेले असते. आडनावाचे केवळ आद्याक्षर दिसत असेल, तर निमंत्रणाची सोय नसते. अशा वेळी, तसेच जाळ्याबाहेरच्या अनेक सदस्यांच्या बाबतीत, उरतो तो मार्ग म्हणजे इनमेल. जोडणी नसतानाही पाठवता येणारा हा संदेश सशुल्क खात्यांनाच उपलब्ध असतो. व्यक्तिगत उपयोगाच्या करिअर योजनेत असे महिन्याला पाच संदेश मिळतात. त्यातही एक न्याय्य तरतूद आहे : समोरच्याने ९० दिवसांच्या आत होकार वा नकार, काहीही कळवले, तर खर्ची पडलेला संदेश पाठवणाऱ्याच्या खात्यात परत जमा होतो. उत्तर येणार नाही अशा ठिकाणी ठरावीक मसुदे भिरकावणाऱ्याची शिल्लक तेवढी लवकर संपते. अर्थात इनमेल नकोच असेल, तर कोणीही सदस्य ते बंद करून ठेवू शकतो.

या नियमाला दोन अपवाद आहेत. सशुल्क खाते असलेला सदस्य आपले दार सर्वांसाठी उघडे ठेवण्याची निवड करू शकतो. त्याला कोणत्याही पायरीवरून, विनामूल्य लिहिता येते. दुसरा अपवाद सामायिक गटांचा. दोघे एकाच गटाचे सदस्य असतील, तर त्या गटाच्या सदस्ययादीतून संदेशाची विनंती पाठवता येते. ती समोरच्याने मान्य केली, की संवाद सुरू होतो.

चाकणहून चेन्नईकडे

हे सारे नियम एकत्र कसे चालतात, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारी एक अभियंता आहे. कारखान्यातील तिची पाळी बंद होणार असल्याची कुणकुण लागल्याने ती चेन्नईतील एका कंपनीत प्रयत्न करू पाहते. त्या कंपनीच्या गुणवत्ता विभागप्रमुखांचे पान तिला सापडते. नावाशेजारी ‘3rd+’. सामायिक ओळख कोणीच नाही. खाते विनामूल्य, म्हणजे इनमेल नाही. नाव पूर्ण दिसते, त्यामुळे निमंत्रण देणे शक्य आहे. परंतु पूर्णपणे अनोळखी ठिकाणाहून आलेल्या अशा निमंत्रणाकडे व्यग्र माणूस सहसा लक्ष देत नाही.

ती निमंत्रण पाठवत नाही. त्याऐवजी कंपनीच्या पानावर जाऊन तेथे काम करणाऱ्यांची यादी उघडते आणि त्यातून केवळ ‘2nd’ खूण असलेली माणसे निवडते. चार नावे मिळतात. त्यांपैकी एक त्याच गुणवत्ता विभागातील कनिष्ठ अधिकारी. तिच्या नावाखाली सामायिक संपर्क म्हणून कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एक जुना वर्गमित्र दिसतो. तो पहिल्या पायरीवर आहे, तेव्हा त्याला थेट लिहिता येते. ती प्रथम एकच प्रश्न विचारते : ‘या बाईंना तू प्रत्यक्ष ओळखतोस का?’ हा प्रश्न अनावश्यक नाही. जोडणी आहे याचा अर्थ ओळख आहे, असा होत नाही. वर्गमित्र सांगतो, की दोघांनी पूर्वी दोन वर्षे एकत्र काम केले आहे, आणि तो त्या अधिकाऱ्यांच्या कानावर घालायला तयार होतो.

लिंक्डइनच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा मध्यस्थीसाठी स्वतंत्र सोय होती. परिचयाची विनंती मधल्या माणसाकडे जाई आणि त्याने पुढे पाठवली तरच ती पोहोचे. आता हे काम साध्या संदेशानेच करावे लागते. वर्गमित्राने शब्द टाकल्यानंतर ती कनिष्ठ अधिकाऱ्यांना चिठ्ठीसह निमंत्रण देते. चिठ्ठीत वर्गमित्राचे नाव, स्वतःच्या कामाचे एक वाक्य आणि नेमकी विचारणा असते. दोन दिवसांनी निमंत्रण स्वीकारले जाते.

येथे पडद्याआड एक बदल घडतो. कनिष्ठ अधिकारी आता पहिल्या पायरीवर आल्या. विभागप्रमुख त्यांच्याशी जोडलेले असल्याने, त्यांना काहीही न कळवता, तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकले. त्यांच्या पानावर आता सामायिक संपर्क म्हणून त्यांच्याच सहकाऱ्याचे नाव दिसते. शिवाय त्या कंपनीतील कनिष्ठ अधिकाऱ्यांचे सारे संपर्कही याच क्षणी जवळ आले. विभागप्रमुखांना यानंतर जाणारे निमंत्रण आठवड्यापूर्वीच्या निमंत्रणाहून वेगळे असते. शब्द तेच असले, तरी त्यासोबत आता विभागातील एक ओळखीचे नाव असते. नोकरी मिळेल याची हमी यात अर्थातच नाही. पण पाच इनमेल खर्चूनही जे साधले नसते, ते दोन विनामूल्य संदेशांनी आणि एका निमंत्रणाने साधले.

कोण किती पाहू शकतो

संदेशाच्या बाबतीत पायरीचे राज्य चालते. पाहण्याच्या बाबतीत तेवढे नाही. हा भेद अनेकांच्या ध्यानात येत नाही. आज साधारणतः तिन्ही पायऱ्यांवरील सदस्यांना परस्परांची प्रोफाइल पूर्ण दिसतात : कामाचा अनुभव, शिक्षण, कौशल्ये. जाळ्याबाहेरील माणसाच्या बाबतीत मात्र शोधाच्या निकालात नावाच्या जागी नुसते ‘LinkedIn Member’ असे शब्द येतात आणि हुद्द्याची एखादी ओळ तेवढी दिसते. त्यात विनामूल्य खात्याला महिन्याकाठी किती शोध घेता येतील याची मर्यादा असते. वारंवार शोध घेणाऱ्यांची ही मुदत पुढील महिन्याच्या १ तारखेला पुन्हा सुरू होते.

परंतु जाळ्याबाहेर असणे म्हणजे लपून राहणे नव्हे. लिंक्डइनच्या बाहेर, म्हणजे गुगलसारख्या शोधयंत्रांतून कोणाला काय दिसावे, याची स्वतंत्र मांडणी सेटिंग्जमध्ये असते. ती खुली असेल, तर संकेतस्थळाच्या आत ज्याचे नावही दिसत नाही, त्याचेच पान बाहेरून नावासकट सापडू शकते. म्हणजे पायरी ही भिंत नाही. भिंत घालायची असेल, तर ती प्रत्येकाने स्वतः घालावी लागते.

अशा काही गोष्टी सदस्याच्या हाती असतात. आडनाव पूर्ण दाखवायचे की आद्याक्षरापुरते, हे ठरवता येते. मात्र पहिल्या पायरीवरील संपर्कांना ते पूर्णच दिसते. छायाचित्र फक्त थेट संपर्कांना, तिन्ही पायऱ्यांच्या जाळ्याला की सर्वांना दिसावे, हे निवडता येते. ई-मेल पत्ता कोणालाच दिसू नये, पहिल्या पायरीला दिसावा, दुसऱ्यापर्यंत दिसावा की सर्वांना, हेही. दूरध्वनी क्रमांक संपर्काच्या तपशिलात भरला असेल, तर तो थेट संपर्कांपुढे येतो. आणि सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे संपर्कांची यादी. ती बंद केली नसेल, तर पहिल्या पायरीवरील कोणीही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू शकतो. बंद केल्यावरही सामायिक संपर्क मात्र दिसतच राहतात.

दुसऱ्याचे पान पाहिल्याची नोंदही राहते. पाहणाऱ्याचे नाव समोरच्याला दिसू शकते. नाव झाकून पाहण्याची सोय आहे. पण विनामूल्य खात्याने ती स्वीकारली, तर आपले पान कोणी पाहिले हे त्यालाही कळेनासे होते.

एका होकाराची किंमत

चाकणच्या अभियंतेला ज्या गुणधर्माचा लाभ झाला, तोच गुणधर्म लबाडांच्याही कामी येतो. एका होकाराने अनेक माणसे एका पायरीने जवळ येतात. मग तो होकार कोणाला दिला गेला, याचा विचार यंत्र करत नाही.

समजा, एखाद्या बनावट ‘भरती सल्लागारा’ने एका कार्यालयातील १८० संपर्क असलेल्या कर्मचाऱ्याला निमंत्रण दिले आणि त्याने ‘कधी उपयोगी पडेल’ म्हणून ते स्वीकारले. त्याच क्षणी हा सल्लागार त्या १८० जणांसाठी दुसऱ्या पायरीवर येतो. संपर्कांची यादी खुली असेल, तर ती सर्व नावे हुद्द्यांसह त्याच्यापुढे उभी राहतात. त्यांतील दहा जणांना तो निमंत्रणे पाठवतो. प्रत्येकाला सामायिक संपर्क म्हणून आपल्याच सहकाऱ्याचे नाव दिसते, आणि विश्वास बसतो. तिघांनी स्वीकारले, की पुढच्या निमंत्रणावर चार सामायिक संपर्क झळकतात. अशा रीतीने एका निष्काळजी होकारातून खोटी प्रतिष्ठा उभी राहते आणि नंतर येणाऱ्या माणसाला ती खरी वाटते. पुढचा टप्पा ठरलेला असतो : संभाषण दुसऱ्या ॲपवर नेणे, मग ‘नोंदणी शुल्क’, ‘प्रशिक्षण अनामत’ वा ओळखपत्रांच्या प्रती मागणे.

हा धोका सामान्य नोकरदारांपुरता नाही. ब्रिटनच्या ‘एमआय५’ या गुप्तचर संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता, की त्याआधीच्या पाच वर्षांत १० हजारांहून अधिक ब्रिटिश नागरिकांशी व्यावसायिक संकेतस्थळांवरील बनावट प्रोफाइलद्वारे परकीय शक्तींनी संधान बांधण्याचा प्रयत्न केला. त्याचे स्वरूपही हेच होते : आकर्षक संधी, आणि ओळखीच्या नावांचा आधार.

बनावटपणा ओळखण्याची काही साधने उपलब्ध आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून प्रोफाइलवरील ‘About this profile’ या भागात खाते कधी उघडले आणि अखेरचा बदल कधी झाला, हे पाहता येते. वीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याचे खाते गेल्या महिन्यात उघडलेले असेल, तर थांबणे योग्य. मात्र सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे. सामायिक संपर्कांपैकी एकाला विचारावे, की या माणसाला तुम्ही भेटला आहात का. चौघांनाही तो ‘कोणाच्या तरी ओळखीचा’ वाटत असेल, तर तो कोणाच्याच ओळखीचा नाही.

चूक लक्षात आल्यास जोडणी तोडता येते. समोरच्याला त्याची सूचना जात नाही. त्यानंतर थेट संदेशाचा अधिकार संपतो आणि त्याच्यामार्फत तयार झालेल्या पायऱ्याही, दुसरी वाट नसल्यास, मोडतात. मात्र जोडलेले असताना त्याने टिपून घेतलेला ई-मेल पत्ता वा नावांची यादी परत घेता येत नाही. आणि त्याने दरम्यान ज्या इतर सहकाऱ्यांशी जोडणी केली, त्यांच्यामार्फत तो दुसऱ्या पायरीवर राहतोच. म्हणूनच अशा वेळी केवळ स्वतःची जोडणी न तोडता सहकाऱ्यांनाही सावध करणे आवश्यक ठरते. निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी संपर्कांची यादी आणि ई-मेल पत्ता झाकलेला असेल, तर चुकीची किंमत पुष्कळ कमी होते.

यंत्राची ओळख आणि माणसाची

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवले होते, की नोकरीची वार्ता बहुधा जिवलग मित्रांकडून नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून येते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून हे पुन्हा तपासले. नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम क्षीण ओळखी. अगदी घट्ट नव्हेत, आणि अगदी नाममात्रही नव्हेत.

लिंक्डइनची पायरी हा भेद दाखवू शकत नाही. तिच्या लेखी शेजारच्या टेबलावर दहा वर्षे बसलेला सहकारी आणि काल रात्री स्वीकारलेले अनोळखी निमंत्रण, दोघेही ‘1st’च. दोघांना सारखाच संदेशाचा अधिकार, सारखेच पाहण्याचे स्वातंत्र्य. त्यामुळे संपर्क हजारावर नेणाऱ्याचे जाळे मोठे दिसते, पण त्यातील कोणाकडे शब्द टाकावा हे त्यालाच सांगता येत नाही. चाकणच्या अभियंतेने विचारलेला ‘तू यांना प्रत्यक्ष ओळखतोस का?’ हा प्रश्न यंत्र कधीच विचारत नाही. संदेश पाठवण्यापूर्वी आणि निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी तो माणसानेच विचारावा लागतो.